सहीआधी कुलमुखत्यारपत्र वाचताना

समजा, न्यू जर्सीतल्या बहिणीला पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे आणि त्यासाठी ती भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करते आहे. टायपिस्टकडून आलेल्या मसुद्यात मात्र असं वाक्य असतं: ‘सदर मिळकत भाड्याने देणे, विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे व इतर सर्व कामे करणे.’ जुन्या मसुद्यात नुसती नावं बदलली की असं होतं. काम भाड्याचं, अधिकार घर विकण्याचा!

आधी विक्री, गहाण, बक्षीस हे शब्द काढावेत. नंतर ‘हे अधिकार या पत्राने दिलेले नाहीत’ असं स्पष्ट लिहावं. ‘इतर सर्व कामे’च्या जागी ‘वरील भाडेकरारासाठी आवश्यक तेवढी कामे’ पुरतं. करार जास्तीत जास्त ११ महिन्यांचा, भाडं अमुक रकमेपेक्षा कमी नाही, भाडं व डिपॉझिट थेट बहिणीच्या खात्यात, आणि भावाने हे अधिकार दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत, या मर्यादाही हव्यात.

मुदतीचं कलम फसवं असतं. ‘काम पूर्ण होईपर्यंत’ म्हणजे पहिला भाडेकरू येईपर्यंत की दहावा? थेट तारीख घाला. ‘अपरिवर्तनीय’ हा शब्द दिसला तर थांबा. भावाचा त्या फ्लॅटमध्ये स्वतःचा हितसंबंध नसेल, तर त्या शब्दाला इथे काही कामच नाही. मधेच पत्र रद्द केलं, तर भावाला लेखी कळवावं; भारतीय करार कायद्यानुसार त्याला ते कळेपर्यंत त्याच्या बाबतीत ते रद्द झालेलं ठरत नाही.