शेवटची गोटी कुठे उरेल?

ब्रेनव्हिटाचा पट अनेक घरांत असतो. अधिकच्या चिन्हासारख्या आकारात ३३ खाचा, ३२ गोट्या आणि मधली खाच रिकामी. शेजारच्या गोटीवरून सरळ रेषेत उडी मारून पलीकडच्या रिकाम्या खाचेत जायचं आणि जिच्यावरून उडी मारली ती गोटी उचलायची. शेवटी एकच गोटी, तीही मधोमध उरायला हवी.

जर्मन गणितज्ञ लाइब्निट्झने १७१० मध्ये या खेळाबद्दल लिहिलं, तेव्हा त्याने तो उलटा खेळण्याची कल्पना मांडली. उलटी उडी मारायची आणि ओलांडलेली खाच भरायची. करून पाहा. मधली गोटी वरून उडी मारून आली असेल, तर त्याआधी तिच्या डोक्यावरच्या दोन खाचांत दोन गोट्या होत्या. त्यातली वरची आणखी मागे नेता येत नाही, कारण ती ज्या भुजेत आहे ती तीनच खाचा रुंद आहे, वर एकच खाच आहे आणि खाली दुसरी गोटी. खालच्या गोटीला मात्र डावी, उजवी आणि खालची अशा तीन वाटा आहेत. पुढून खेळताना गोंधळवणारा खेळ मागून असा मोजक्या वाटांचा होतो.

आता खाचा तिरक्या ओळींनी लाल, पिवळ्या, निळ्या अशा आळीपाळीने रंगवा. सरळ रेषेतल्या कुठल्याही तीन लगतच्या खाचा तीन वेगळ्या रंगांच्या येतात. म्हणून प्रत्येक उडीत दोन रंगांवरची एकेक गोटी कमी होते आणि तिसऱ्यावर एक वाढते. म्हणजे तिन्ही संख्यांची सम-विषमता एकदम पालटते. प्रत्येक रंगाच्या ११ खाचा आहेत. मधली खाच लाल धरली, तर सुरुवातीला लाल १०, बाकी ११-११. लाल सम, इतर दोन विषम. लाल रंग कायम इतर दोघांपेक्षा वेगळा राहतो, त्यामुळे शेवटची गोटी लाल खाचेतच उरू शकते. दुसऱ्या दिशेच्या तिरक्या ओळींनी रंगवलं तरी हेच निघतं. दोन्ही रंगवण्यांत लाल ठरणाऱ्या खाचा पाचच आहेत: मधली आणि चारही भुजांच्या टोकांवरच्या मधल्या खाचा.

रंग फक्त अशक्य काय ते सांगतात, शक्य काय ते नाही. पण इथे त्या दोन गोट्या पुन्हा कामी येतात. वरची खाली उडी मारते तेव्हा खेळ मधोमध संपतो. त्याऐवजी खालची वर उडाली, तर तो टोकाच्या खाचेत संपतो. पट चारही बाजूंनी सारखा असल्याने पाचही शेवट साधतात. उरलेल्या २८ खाचांत कितीही हुशारीने खेळलात तरी एकटी गोटी उरणार नाही.

फ्रान्समधल्या जुन्या पटाला चार कोपऱ्यांत एकेक जादा खाच असते, एकूण ३७. मधली रिकामी ठेवली की तिन्ही रंगांवर १२-१२ गोट्या येतात. तिघांची सम-विषमता कायम सारखीच राहणार, आणि एकच गोटी उरली तर रंगांची संख्या १, ०, ० व्हायला हवी. तेव्हा अशा पटावर कोणी मधून सुरुवात करून एका गोटीवर संपवायला सांगितलं, तर त्यात वेळ घालवू नका, सुरुवातीची खाच बदलून मागा.