एकाने घोटा धरला, की बाकीच्यांनी कमरेच्या वरच!



आमच्याकडे दर रविवारी सोळा-सतरा वर्षांची मुलं कबड्डी खेळायला जमतात. गेल्या वर्षी त्यातल्या एका चढाईपटूचा गुडघा सुजला आणि तो दोन महिने घरी बसला. चूक शिकवणाऱ्याची, म्हणजे माझीच. मी घोटा पकड, साखळी आणि ब्लॉक हे तीन वेगवेगळे धडे म्हणून शिकवले होते. एकाने घोटा धरल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, हे सांगितलंच नव्हतं.

प्रसंग असा. चढाईपटूने डाव्या कोपऱ्याकडे उजवा पाय लांब टाकला. कोपऱ्याच्या मुलाने घोटा छान पकडला. त्याच क्षणी साखळीतला शेजारचा मुलगा बाजूने येऊन त्याच्या डाव्या गुडघ्यावर आदळला. सगळं वजन त्याच पायावर, पाऊल मॅटला घट्ट चिकटलेलं. गुडघा आत वळला. अशानेच अस्थिबंध फाटतात. आमचं नशीब म्हणून सुजेवर निभावलं.

आता मी तिन्ही गोष्टी एकाच क्रमाने घेतो. आधी साखळी. हात धरताना बोटांत बोटं गुंतवायची नाहीत, नुसती आकड्यासारखी अडकवायची. कोपऱ्याचा मुलगा झेपावला की शेजाऱ्याने हात लगेच सोडायचा, नाहीतर खांदा ओढला जातो किंवा बोट निखळतं.

मग घोटा. पाय पूर्ण लांबलेला असताना, तो मागे घ्यायच्या आत, दोन्ही हातांनी धरायचा: एक हात टाचेच्या वर मागून, दुसरा पुढून. हनुवटी छातीशी, डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला. डोकं समोर राहिलं तर चढाईपटूचा गुडघा थेट तोंडावर बसतो. ओढायचं सरळ आपल्याकडे. पिळायचं अजिबात नाही.

शेवटी ब्लॉक. कव्हरने चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये शिरायचं आणि कमरेला मिठी मारायची. गुडघ्याला हात लावायचा नाही, मैदानाबाहेर ढकलायचं नाही. पायांची कैची तर नियमानेच फाऊल आहे. बाकीच्यांनी वरून उड्या मारायच्या नाहीत. शिट्टी वाजली किंवा कुणी "सोड" म्हटलं, की सगळ्यांचे हात मोकळे.

पहिले दोन रविवार हे सगळं चालण्याच्या वेगाने करतो. मुलं कंटाळतात, "सर, खेळू द्या ना!" म्हणतात. पण ब्लॉक करणाऱ्याची नजर पायाकडे जातेय की कमरेकडे, हे या वेगातच दिसतं. नजर खाली गेली की मी चढाई थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून घेतो.

तो मुलगा परत खेळतोय. हल्ली कव्हरला "वर, वर!" असं सगळ्यात मोठ्याने तोच ओरडतो.