अर्जातील सत्तावीसशे रुपये

सनदी लेखापालाच्या दफ्तरात आर्टिकलशिपसाठी येणाऱ्या अर्जांत ‘मी अचूक व कष्टाळू आहे’ हा मजकूर इतक्या वेळा आढळतो की वाचणाराची दृष्टी त्यावरून सहज घसरते. म्हणून वाणिज्य पदवीधराने विशेषणांऐवजी आपल्या हाताखालून गेलेला एखादा हिशेबच मांडावा. समजा, शिकत असताना त्याने भुसार दुकानाची कीर्द-खतावणी लिहिली आणि वर्षअखेरीस तेरजेच्या दोन बाजूंत 2,700 रुपयांचा फरक निघाला, तर अर्जात लिहावे की या रकमेस 9 ने निःशेष भाग जातो, असा फरक बहुधा अंकांची अदलाबदल सुचवितो, आणि त्या मागाने कीर्दीशी रुजुवात घेता 8,510 ची रक्कम खात्यावर 5,810 अशी चढलेली सापडली. ‘बहुधा’ हा शब्द मात्र गाळू नये, कारण शून्य सुटून 3,000 चे 300 झाले तरी फरक 2,700 चाच येतो.

दीर्घ दिवसांची ग्वाही देणे याहून अवघड. 31 मार्चच्या मालमोजणीस रात्री दहापर्यंत उभा होतो, एवढ्याने केवळ पायांचे बळ कळते. परंतु त्या रात्री शेवटी मोजलेल्या थप्प्या सकाळी पुन्हा मोजल्या, एकीत दोन पोती जास्त धरल्याचे आढळले, आणि मूळ आकडा न खोडता त्यावर आडवी रेघ मारून दुरुस्तीखाली सही केली, असे लिहिणाऱ्यास कर-लेखापरीक्षणाच्या सप्टेंबरअखेरच्या गर्दीत कोणते काम कोणत्या प्रहरी सोपवावे, हे भागीदारास उमगते. (ज्यांच्या अर्जातील टक्केवारी सोबतच्या गुणपत्रिकेशीच जुळत नाही, असे उमेदवारही असतात, हे सखेद नमूद करणे प्राप्त आहे.)