फ्लॉवर खरपूस होतो तो कसा?

फ्लॉवरचे तुरे तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये ठेवले, अर्धा तास झाला, आणि बाहेर आले ते पांढरट, मऊ, उकडल्यासारखे. ओटीजी घेतलेल्या पुष्कळ घरांत हे घडते आणि खापर ओव्हनवर फुटते. बहुतेक वेळा दोष ओव्हनचा नसून ट्रेवर जमलेल्या पाण्याचा असतो.

फ्लॉवरच्या वजनात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. भाजीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर ओव्हनचा काटा 220 वर असला तरी त्या पृष्ठभागाचे तापमान 100 अंशांच्या वर फारसे जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खमंग वास आणि तपकिरी रंग देणारी प्रक्रिया, म्हणजे भाजीतली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची एकमेकांशी होणारी क्रिया, जोमाने चालते ती साधारण 140 अंशांच्या पुढे. त्यामुळे आधी वरचा थर कोरडा व्हायला हवा. रंग त्यानंतरच येतो.

ट्रेवरची गर्दी इथेच आड येते. तुरे एकमेकांना खेटून ठेवले की एकाची वाफ दुसऱ्याला लागते, ती निसटायला जागा राहत नाही आणि भाजी स्वतःच्याच वाफेवर शिजते. मध्यम आकाराचा गड्डा निवडून, दांडे काढून साधारण साडेचारशे ग्रॅम तुरे हाती येतात. लहान ओटीजीचा ट्रे सुमारे 25 बाय 30 सेंटिमीटरचा असतो. त्यात हे सगळे तुरे मावतात खरे, पण खेटून. दोन तुऱ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवायचे तर निम्मेच बसतात. म्हणून सरळ दोन घाणे काढावेत. एकावर एक दोन ट्रे ठेवण्याचा मोह आवरावा, कारण छोट्या ओव्हनमध्ये वरचा ट्रे खालच्याची उष्णता अडवतो आणि वाफ दुपटीने होते. काठ उंच असलेले काचेचे भांडेही नको. त्याच्या काठांआड वाफ कोंडून राहते. पसरट, कमी काठाचा धातूचा ट्रे बरा, आणि तो काळा असेल तर रंग लवकर धरतो.

तुरे धुतल्यावर फडक्याने टिपून अर्धा तास पसरून ठेवा. मोठे तुरे सुरीने उभे कापा आणि सपाट बाजू ट्रेला टेकवा, कारण सर्वांत चांगला रंग तिथेच येतो. मीठ ओव्हनमध्ये घालायच्या आधी अगदी शेवटी लावा. आधीच लावून ठेवले तर पाणी सुटते.

तेलाचे प्रमाण साडेचारशे ग्रॅमला दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिलिलिटर. तेलाचा पातळ थर तुऱ्याच्या खाचाखोचांत शिरतो आणि तव्याची उष्णता सगळीकडे पोचवतो. तेल कमी पडले तर कडा कोरड्या, चिवट होतात आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. जास्त झाले तर ते ट्रेवर साचते आणि तुरे तेलकट, जड लागतात. तेल ट्रेवर ओतू नका. पातेल्यात तुरे घेऊन हातानेच चोळा. प्रत्येक तुरा चमकला पाहिजे, पण पातेल्याच्या तळाशी तेल उरता कामा नये. एवढ्या आचेला रिफाइंड शेंगदाणा तेल टिकते. लाकडी घाण्याचे तेल लवकर धुरकटते.

आच 220 अंश ठेवा, वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू करून. पंखा असेल तर 200 पुरतात. 160-170 वर पाणी इतके हळू उडते की रंग येईपर्यंत आतला गर मेणासारखा होतो. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतल्या भिंती तापल्या असे नव्हे, म्हणून पंधरा मिनिटे रिकामा तापू द्या. ट्रे आत गेल्यावर चुरचुर ऐकू आली पाहिजे. पंधराव्या मिनिटाला एकदा उलटा, पुढे आठ-दहा मिनिटे. दाराच्या काचेवर थेंब ओघळत असतील किंवा ट्रेवर पाणी दिसत असेल तर गर्दी झाली आहे. निम्मे तुरे लगेच काढून घ्या.

हळद, तिखट, ठेचलेला लसूण या आचेला जळून कडवट होतात, ते शेवटच्या पाच मिनिटांत घाला. बटाट्याला हीच कृती लावायची तर आधी अर्धवट उकडून, निथळून घ्यावा लागतो. आणि दुधी, पडवळ यांच्यासाठी ओव्हन तापवू नका; त्यांत पाणी इतके असते की रंग येण्याआधीच ती खचतात. त्यांची साधी परतून केलेली भाजीच चांगली.