नकाराचं पत्र कसं लिहावं?

मुलाखतीनंतर नकार मिळालेला उमेदवार फक्त निकालावर चिडतो, असं आपण धरून चालतो. निवडप्रक्रियेचे अभ्यासक स्टीफन गिलिलँड यांनी १९९३ मध्ये मांडलं की वेळेवर कळवणं, प्रामाणिकपणा आणि कारण सांगणं यांवरही त्याचं मत ठरतं.

म्हणून आभारानंतर लगेच, दुसऱ्याच वाक्यात नकार यावा. कारण एकच द्यावं, तेही कामाशी जोडलेलं: ‘या पदासाठी जीएसटीची विवरणपत्रं स्वतंत्रपणे भरण्याचा अनुभव हवा होता, निवडलेल्या उमेदवाराकडे तो अधिक होता.’ ‘आत्मविश्वास कमी वाटला’ असा शेरा नको. त्यावर फक्त वाद होतो. आणि ‘पुढच्या वेळी नक्की बोलावू’ हे तर, खरंच बोलवायचं नसेल, तर मुळीच लिहू नये. माणूस त्या वाक्यावर विसंबून दर आठवड्याला फोन करत राहतो.