उन्हात आणि थंडीत काँक्रीटचे क्युरिंग

काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. सिमेंटचे कण पाण्याशी रासायनिक क्रिया करतात, त्यातून सूक्ष्म जेल तयार होते आणि तेच खडी व वाळू धरून ठेवते. ही क्रिया चालू राहावी म्हणून ओलावा टिकवणे म्हणजे क्युरिंग. क्रियेचा वेग तापमानावर ठरतो.

मे महिन्यात विदर्भात ४५ अंशांच्या उन्हात घातलेला स्लॅब पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने मजबूत होतो. मात्र २८ दिवसांनी तोच स्लॅब थंड हवेत जमलेल्या, त्याच मिश्रणाच्या काँक्रीटपेक्षा कमजोर ठरू शकतो. याचे कारण घाईत आहे. उष्णतेत जेल इतक्या वेगाने बनते की ते दूर पसरण्याआधीच सिमेंटच्या कणाभोवती दाट कवच होऊन बसते. आतल्या न भिजलेल्या सिमेंटपर्यंत पाणी मग सहज पोहोचत नाही आणि कणांमधल्या जागा पोकळ राहतात. ही उणीव नंतर कितीही पाणी मारून पूर्ण भरून निघत नाही. त्यात ऊन-वाऱ्याने पृष्ठभागाचे पाणी उडाले, तर काही तासांतच बारीक भेगा दिसू लागतात. मिश्रण लवकर आळते म्हणून कामावर वरून पाणी ओतले जाते. ताकदीचे सर्वांत मोठे नुकसान बहुधा तिथेच होते. खरा उपाय म्हणजे मिश्रणाच्या पाण्यात बर्फ वापरणे, संध्याकाळी काँक्रीट घालणे आणि लगेच ओले गोणपाट अंथरणे.

थंडीत क्रिया मंदावते, पण जेल सावकाश व समान पसरते. त्यामुळे पाणी गोठले नाही, तर उशिरा मिळणारी ताकद सहसा चांगली असते. फक्त थांबावे लागते. अंदाजासाठी तापमानात १० मिळवून त्याला दिवसांनी गुणतात. २७ अंशांत ७ दिवस म्हणजे ३७ गुणिले ७, अर्थात २५९. सरासरी ५ अंशांत हाच आकडा गाठायला सुमारे १७ दिवस लागतात. तोवर साच्याचे टेकू काढणे धोक्याचे. कडक उन्हातली घट मात्र या हिशेबात दिसत नाही.

लेहसारख्या ठिकाणी खरा धोका गोठण्याचा आहे. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि कोवळ्या जेलची वीण फाडते. काँक्रीटला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३.५ न्यूटन ताकद येण्याआधी ते गोठले, तर अंतिम ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून तिथे कोमट पाण्यात मिश्रण करतात आणि काँक्रीट जाड आवरणाखाली उबदार ठेवतात.

प्रयोगशाळेत चाचणीचे ठोकळे २७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. त्यांचा निकाल मिश्रणाचा दर्जा सांगतो, उन्हातल्या किंवा हिमातल्या स्लॅबची ताकद नव्हे. त्यासाठी काही ठोकळे स्लॅबशेजारी, त्याच हवेत ठेवून तपासावे लागतात.