ओसी आहे, पण कशाची?

फ्लॅट बघायला गेलेला माणूस हमखास विचारतो, ‘ओसी आहे ना?’ समोरून ‘हो, आहे की’ असं उत्तर येतं आणि गाडी पार्किंग, पाणी, मेंटेनन्स यांच्याकडे वळते. कुठला मजला, किती सदनिका, कुठल्या नकाशाप्रमाणे, हे सगळं त्या एक-दोन पानी कागदावर छापलेलं असतं. पण ते शेवटपर्यंत वाचणारे फार थोडे.

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. पुण्यात भोगवटापत्र म्हणतात. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहायला हरकत नाही, असं महापालिका किंवा त्या भागाचं नियोजन प्राधिकरण त्यात लिहून देतं. बिल्डरच्या वास्तुविशारदाने दिलेला काम पूर्ण झाल्याचा दाखला ही वेगळी गोष्ट आहे. लेटरहेडवरचा हा दाखला ‘हीच ओसी’ म्हणून दाखवण्याचा प्रकार सर्रास चालतो, म्हणून सही कोणाची आहे ते आधी पाहावं.

पुण्याच्या उपनगरातल्या एका इमारतीचं उदाहरण घेऊ. खाली पार्किंग, वर सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट. एक फ्लॅट पाचव्या मजल्यावर विकायला आहे आणि एक सातव्या. भोगवटापत्रावर लिहिलंय: ‘पार्किंग, पहिला ते सहावा मजला, सदनिका 24’. चार गुणिले सात म्हणजे 28. उरलेल्या चार सदनिका, म्हणजे अख्खा सातवा मजला, या कागदात नाहीच. याला अंशतः भोगवटा म्हणतात. त्यात गैर काही नाही. टप्प्याटप्प्याने काम पुरं करणाऱ्या बिल्डरला तो रीतसर मिळतो. पण त्याच्या जोरावर सातव्या मजल्यावरचा फ्लॅट ‘ओसीवाला’ म्हणून विकणं ही शुद्ध लबाडी आहे. बऱ्याचदा जादा एफएसआय मिळेल या भरवशावर वरचा मजला आधी बांधला जातो आणि सुधारित नकाशाची मंजुरी मागाहून येतच नाही.

तिथे राहणारे सांगतील, ‘आम्हाला वीज आहे, नळ आहे, मालमत्ता कराची पावती आहे, बँकेने कर्जही दिलं.’ यातल्या एकाही गोष्टीने बांधकाम कायदेशीर होत नाही. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर लावते, वर शास्तीही घेते. पिंपरी-चिंचवडकरांना हा शास्तीकर चांगला ठाऊक आहे. तेव्हा कराच्या बिलात शास्तीची रक्कम दिसली तर ती उलट धोक्याची खूण आहे. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरी पाच मजल्यांची होती, पण त्यातली एक इमारत वीस मजले चढली. लोक तिथे वर्षानुवर्षं राहिले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले वाचवायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी तिथली वीज, पाणी आणि गॅस तोडायला पालिकेची माणसं आली. मेरठच्या एका प्रकरणात डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावलं की, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नका. पण जुन्या कर्जांच्या फायलीत तो तपासलेला असेलच, असं धरून चालू नये.

सातवा मजला बाद झाला. आता पाचव्या मजल्यावर येऊ, तो भोगवटापत्रात आहे. त्या पत्रात एका बांधकाम परवान्याचा, म्हणजे सीसीचा, क्रमांक आणि दिनांक असतो. तोच क्रमांक आणि दिनांक मंजूर नकाशावरच्या शिक्क्यात असायला हवा. नकाशे दोन-तीनदा सुधारले जातात आणि विकणाऱ्याच्या कपाटात बहुधा पहिलाच सापडतो. जुना नकाशा हाती धरून मोजमाप केलं तर सगळंच चुकीचं वाटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळं बरोबर वाटेल.

योग्य नकाशा मिळाला की ‘टिपिकल फ्लोअर प्लॅन’ काढायचा आणि जिना-लिफ्टच्या जागेवरून आपला फ्लॅट ओळखायचा. मापं मीटरमध्ये असतात; 3.05 म्हणजे दहा फूट. हा फ्लॅट ‘अडीच बीएचके, 645 चौरस फूट कार्पेट’ म्हणून विकायला काढलाय. नकाशावर मात्र दोनच बेडरूम आहेत, आणि जिथे ती ‘अर्धी’ खोली आहे तिथे 3.05 बाय 2.40 मीटरच्या चौकटीत लिहिलंय, ‘टेरेस’. म्हणजे मोकळ्या गच्चीला भिंत, छप्पर आणि खिडकी लावून खोली केली आहे. गच्ची 7.32 चौरस मीटर, सुमारे 79 चौरस फूट. मूळ करारनाम्यात कार्पेट 52.60 चौरस मीटर, म्हणजे 566 चौरस फूट, आणि टेरेस वेगळी दाखवली आहे. रेरा कायद्यातही बाल्कनी आणि उघडी गच्ची कार्पेटमध्ये धरत नाहीत. दोन्हींची बेरीज करून जाहिरात केली की 645 होतात. चौरस फुटाला आठ हजारांचा भाव लावला, तर नसलेल्या खोलीचे सहा लाख बत्तीस हजार मागितले जातायत.

‘पण ओसी तर आहे!’ आहे, आणि खरीही आहे. पालिकेचा अभियंता पाहणीला आला तेव्हा गच्ची उघडी होती. भिंत नंतर चढली. त्या दिवसानंतर केलेल्या फेरफाराला भोगवटापत्र लागू होत नाही. अशा भिंतीसाठी प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस येऊ शकते, आणि ती येते ती त्या वेळच्या मालकाला. भिंत कोणी बांधली, हा मुद्दा तिथे फारसा कामाला येत नाही. एफएसआय शिल्लक असेल तर शुल्क भरून काम नियमित करून घेता येतं, पण त्याला सोसायटीची साथ लागते.

टेपने मोजताना दोन-चार सेंटिमीटरचा फरक सोडून द्यावा. तो गिलाव्यात जातो. खोली हातभर मोठी भरली तर मात्र शेजारी नकाशात काय आहे ते पाहावं. बहुतेक वेळा तिथे बाल्कनी किंवा डक्ट निघते. डक्टमध्ये स्लॅब टाकून केलेली स्टोअररूम मला सगळ्यात खटकते, कारण तिच्यामुळे वरखालच्या घरांच्या संडास-बाथरूमची हवा अडते आणि पाइप फुटला तर हात घालायला जागा उरत नाही. तळमजल्यावरची दुकानंही नकाशाशी ताडून पाहावीत. पुष्कळदा तिथे पार्किंग रेखाटलेलं असतं.

हे सगळं विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवरून करू नये. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींच्या परवानग्या बनावट निघाल्या आणि त्याच कागदांवर रेरा नोंदणीही मिळाली होती. त्यामुळे रेरा क्रमांक दिसला म्हणून तपास संपत नाही. नोंदणी झालेल्या प्रकल्पाचे कागद महारेराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत, पण ते ताडून पाहावेत ते बांधकाम परवानगी विभागाच्याच प्रतीशी. ती मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. दहा रुपये शुल्क, आणि उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस. अर्जात सर्व्हे नंबर आणि भोगवटापत्राचा क्रमांक लिहून ‘भोगवटापत्र व त्यासोबतचा अंतिम मंजूर नकाशा यांच्या प्रमाणित प्रती’ असं नेमकं मागावं. नुसतं ‘इमारतीची माहिती द्या’ लिहिलं की ‘माहिती सुस्पष्ट नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता असते. मोठ्या आकाराच्या नकाशाचे पैसे वेगळे पडतात.

पाचव्या मजल्यावरचा तो फ्लॅट मी तरी लगेच नाकारणार नाही. 566 फुटांचाच भाव करावा, गच्चीची किंमत वेगळी आणि कमी ठरवावी, आणि विकणाऱ्याने खरेदीखतापूर्वी ती भिंत स्वतःच्या खर्चाने काढून द्यावी, अशी अट विसार पावतीत घालावी.